खोडलेलंही उतरवायचं

दुकानदाराला उधारीचा दावा लावायचा असतो, तेव्हा वकील माझ्याकडे वही पाठवतात आणि सोबत एक निरोप असतो: "खाडाखोड आहे, पण जशीच्या तशी टाईप करून द्या." ऐकायला सोपं वाटतं. ज्यानं कधी हाती लिहिलेली खतावणी समोर ठेवून टाईप करायला घेतली आहे, त्यालाच कळतं की 'जशीच्या तशी' म्हणजे नेमकं काय, हे दर पानाला नव्यानं ठरवावं लागतं.

पवईत राहून मी हेच काम करत आलो. आयआयटी मार्केट, साकी विहार रोड, चांदिवलीचा खाणींचा भाग, तिरंदाज गाव, या पट्ट्यातल्या किराणा, हार्डवेअर, स्टेशनरीच्या दुकानांच्या वह्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. वहीची नक्कल लागते ती कायद्यामुळे. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ७, नियम १७ खास दुकानाच्या वह्यांसाठी आहे. ज्या नोंदीवर वादीची भिस्त आहे ती वही दाव्याबरोबर हजर करायची आणि त्या नोंदीची नक्कलही जोडायची. कोर्ट वहीवर ओळखीसाठी खूण करतं, नक्कल मुळाशी ताडून पाहतं, बरोबर निघाली तर तसा दाखला देतं आणि वही दुकानदाराला परत मिळते. वही रोजच्या वापरातली असते, ती वर्षानुवर्षं कोर्टात अडकून पडू नये म्हणून ही सोय आहे. पण यातली 'ताडून पाहतं' ही पायरी नक्कल करणाऱ्याच्या डोक्यावर कायम टांगलेली असते. वहीत जे आहे ते नकलेत नसेल, किंवा वहीत नाही ते नकलेत असेल, तर वहीवर काट येण्याआधी आपल्या कामावर काट येते.

मी टंकलेखन शिकलो ते अंधेरीला कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका काकांकडे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एका पानाची बेरीज करताना पकडलं. "कशाला करतोस?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, दुकानदाराची बेरीज चुकली आहे." त्यावर ते म्हणाले, "मग चुकलेलीच टाईप कर. तुला हिशेब तपासायला बसवलेलं नाही." पुढे मला कळलं की बेरीज करून बघायला हरकत नाही, उलट ती करावीच. फक्त तिचा निकाल नकलेत उतरू द्यायचा नाही.

रेघांपासून सुरुवात करतो, कारण नवा माणूस तिथेच अडखळतो. वहीत मजकुरावरून रेघ गेली आहे, म्हणजे तो मजकूर रद्द, असं आपण गृहीत धरतो. दुकानाच्या वहीत तसं नसतं. गिऱ्हाईकानं पैसे चुकते केले की बरेच दुकानदार त्याच्या सगळ्या नोंदींवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढतात. त्या नोंदी चुकीच्या नसतात, उलट खऱ्या होत्या आणि फिटल्या म्हणून रेघ आली. पानाच्या तळाशी जागा उरली, तर मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून तिथेही रेघ मारलेली असते. तिच्याखाली तर मजकूरच नसतो. रोजकिर्दीतली रक्कम खतावणीत नेली, की तिच्यापाशी एक बारीक खूण किंवा तुटक रेघ येते. आणि चुकीच्या शब्दावर मारलेली खरी काट, ती शेवटी. चौघींना मी नकलेत 'खोडलेले' म्हटलं, तर फिटलेली उधारी आणि चुकून लिहिलेली उधारी एकाच रांगेत बसतात. म्हणून मी रेघेला अर्थ देत नाही, तिचं वर्णन करतो: 'नोंद १ ते ७ वरून डावीकडून उजवीकडे तिरपी एक रेघ' किंवा 'हा शब्द आडव्या दोन रेघांनी खोडलेला'. ती रेघ फिटल्याची आहे की रद्द केल्याची, हे दुकानदारानं साक्षीत सांगायचं.

यात देवनागरीची स्वतःची एक गंमत आहे, खरं तर गोची. 'प'वरून रेघ गेली की तो 'ष' दिसतो आणि 'व'वरून गेली की 'ब' दिसतो. किराण्याच्या वहीत 'वाल' खोडला की झेरॉक्समध्ये तो 'बाल' होऊन येतो. बॉलपेननं मारलेली रेघ मूळ पानावर वेगळ्या दाबाची, वेगळ्या छटेची दिसते. झेरॉक्समध्ये अक्षर आणि रेघ दोन्ही सारखीच काळी. जुन्या चोपड्यांत रकाने आखलेले नसत, पान घड्या घालून रकाने पाडलेले असत. त्या घडीची रेघही झेरॉक्समध्ये काट मारल्यासारखी उतरते. म्हणून झेरॉक्सवरून नक्कल करायचं मी बंद केलं. मूळ वही आणा, नाहीतर निदान माझ्यासमोर ठेवून उघडा, असं सांगतो. माझ्या टेबलावर एक भिंग आहे आणि एक टॉर्च. टॉर्च वरून नाही, पानाच्या कडेनं जवळजवळ आडवा धरायचा. मग पेनानं पाडलेली खाच सावलीनं उठून दिसते. घडीला खाच नसते, तिथे कागदच दुमडलेला असतो.

गिरवलेलं ओळखायलाही हाच तिरपा उजेड लागतो. देवनागरी अंकांत काही जोड्या गिरवायला फार सोयीच्या. '२'च्या खाली आणखी एक पोट काढलं की '३' होतो. हाती लिहिलेला '१' थोडा वळवला की '९' होतो. नुसत्या डोळ्याला तिथे एक जाडसर अंक दिसतो. आडव्या उजेडात दोन खाचा दिसतात, एकमेकींवरून गेलेल्या. पान उलटून मागच्या बाजूनं बोट फिरवलं, तर बॉलपेनच्या जागी उठाव लागतो आणि गिरवलेल्या ठिकाणी तो जास्त असतो. व्हाइटनर लावलेला असेल तर पान उजेडासमोर धरून मागून पाहायचं, बऱ्याचदा खालचा आकडा उलटा का होईना वाचता येतो. खरवडायचं नाही, ओलं बोट लावायचं नाही. वही पुरावा आहे, तिच्यावर आपल्या हातची एकही नवी खूण पडता कामा नये. पेन्सिलीनं समासात टिक करायची सवय मला मोडावी लागली.

आणि हे सगळं पाहूनही दोन गोष्टी नक्कल करणाऱ्यानं म्हणायच्या नसतात: कोणी गिरवलं आणि कधी गिरवलं. शाईची छटा वेगळी आहे एवढं मी लिहू शकतो. 'नंतर वाढवलेला आकडा' असं लिहिलं, तर मी हस्ताक्षरतज्ज्ञाच्या खुर्चीत जाऊन बसलो.

हे का महत्त्वाचं, ते एका पानावरून सांगतो. साकी विहार रोडच्या बाजूच्या एका खाणावळीला एका किराणा दुकानानं महिन्याच्या बोलीवर माल दिला होता. पैसे थकले आणि प्रकरण वकिलांकडे गेलं. खतावणीत त्या खाणावळीच्या खात्यावर एका महिन्यात नावे बाजूला पाच नोंदी होत्या. तारीख ४ ला ४८० रुपये. तारीख ९ ला ३६५, पण पहिला '३' स्पष्टपणे '२'वर गिरवलेला, म्हणजे आधी २६५ होते. तारीख १३ ला ६१२. तारीख १८ ला ७२० लिहून आडवी काट मारलेली, वर बारीक अक्षरात २७० आणि समासात दुकानदाराची आद्याक्षरी. तारीख २४ ला ५५७. खाली एकूण: २१८४. आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'श्री'खाली 'मागील बाकी २१८४'.

बेरीज करून बघितली. पानावर आज जे आकडे उभे आहेत, ते धरले तर २२८४ येतात. शंभर रुपयांचा फरक. गिरवण्याआधीचे २६५ धरले तर बरोबर २१८४. आणि १८ तारखेचे मूळ ७२० धरले असते, तर २६३४ आले असते. म्हणजे बेरीज लिहिली तेव्हा ७२० खोडून २७० झालेले होते, पण २६५ चे ३६५ बहुधा झालेले नव्हते. एकाच पानावरच्या दोन दुरुस्त्या दोन वेगळ्या वेळच्या, हे त्या तळाच्या आकड्यानं सांगितलं. 'बहुधा' मुद्दाम म्हणतो, कारण दुकानदारानं बेरीजच चुकवली, अशीही शक्यता असतेच.

समोरच्या पक्षाला एवढं पुरेसं होतं. खाणावळवाल्याचं म्हणणं, बेरीज झाल्यावर आकडा फुगवला. आणि वरवर पाहता ते म्हणणं चूक नव्हतं. हिशेबाच्या वह्यांतल्या नोंदी पुराव्यात ग्राह्य धरल्या जातात, पण वही धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेली असेल तरच, आणि नुसत्या त्या नोंदीवर कोणाच्या अंगावर देणं बसवता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ३४ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २८ आहे. 'नियमित' या शब्दावरच गिरवलेला आकडा घाव घालतो.

मग दुकानदारानं त्याच महिन्याची रोजकीर्द आणली. खतावणी म्हणजे खातेवार वही. तिच्यात रकमा येतात त्या रोजकिर्दीतून, जिथे दिवसभराचा व्यवहार घडेल तसा लिहिलेला असतो. ९ तारखेच्या पानावर त्या खाणावळीच्या नावानं तांदूळ, तूरडाळ, तेल असा मालाचा तपशील, प्रत्येकाचे पैसे आणि शेवटी ३६५. एकही अंक गिरवलेला नाही. त्याच्या खाली दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या नोंदी, ओळीला ओळ लागून, मध्ये काही घुसडायला जागा नाही, आणि दिवसाची बेरीज ३६५ धरूनच जुळणारी. म्हणजे खतावताना ३६५ चे २६५ पडले, महिना संपल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, आकडा गिरवला, पण खालची बेरीज तशीच राहिली. पुढच्या पानावर बाकी गेली ती जुन्याच बेरजेची, आणि दाव्यातली रक्कम त्या बाकीवरून धरलेली. ज्या शंभर रुपयांवरून दुकानदाराला लबाड म्हटलं जात होतं, ते त्यानं मागितलेच नव्हते!

माझ्या नकलेत यातलं काहीच नव्हतं आणि नसायलाच हवं होतं. नकलेत होत्या या दोन ओळी:

९ तारीख – ३६५ [पहिला अंक '२' वर गिरवून '३']
१८ तारीख – [खोडलेले, आडवी एक रेघ: ७२०] [वरच्या बाजूस: २७०] [समासात आद्याक्षरी]

आणि तळाशी, वहीत होते तेच, एकूण २१८४. मी नीटनेटकेपणाच्या नादात २२८४ करून ठेवले असते किंवा गिरवलेला आकडा गुपचूप ३६५ म्हणून साफ टाईप केला असता, तर आधी संशय दिसला नसता आणि मग संशय फेडणारा दुवाही दिसला नसता. बेरजेतून जे मला समजलं, ते मी वकीलसाहेबांना तोंडी सांगितलं. पुढे दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

त्या नकलेतले चौकटी कंस मला उशिरा पटले. आधी मी संगणकावर सरळ काट मारलेलं अक्षर वापरायचो, दिसायला अगदी वहीसारखं. अडचण कळली ती एका कार्यालयातल्या कारकुनामुळे. त्यानं माझ्या फाईलमधला मजकूर उचलून व्हॉट्सअॅपवर चिकटवला. चिकटवताना काट गळून पडली आणि समोरच्याला खोडलेला आणि नवा असे दोन जिवंत आकडे मिळाले. त्यानं दोन्ही मिळवले. काट ही दिसण्यापुरती सजावट असते. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला की ती मागे राहू शकते. 'खोडलेले' हा शब्द मात्र मजकुराबरोबरच जातो. म्हणून आता काट आणि कंसातला शब्द, दोन्ही देतो, आणि पहिल्या पानावर खुणांचा खुलासा लिहितो: चौकटी कंसातला मजकूर वहीतला नाही, नक्कल करणाऱ्याचा आहे. वहीतच कोणी साधे कंस केले असतील, तर ते साधेच राहतात, म्हणून माझे चौकटी. वाचताच येत नसेल तिथे [अवाच्य, सुमारे तीन अक्षरे]. अंदाजानं शब्द भरायचा मोह होतो, विशेषतः मालाच्या नावांत, कारण 'तू' दिसलं की पुढे 'रडाळ' असणारच असं वाटतं. तूपही असू शकतं.

कोर्टाबाहेरचंही एक काम माझ्याकडे आलं होतं, ते थोडक्यात सांगतो, कारण तिथे काटेची वेगळीच फसगत होती. एका कुटुंबाला आजोबांच्या दुकानाची १९५० च्या दशकातली वही अभ्यासासाठी उतरवून हवी होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधीच्या रकमा रुपये-आण्यांत. तेव्हाच्या लिहिण्यात एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. तीन उभ्या रेघा म्हणजे बारा आणे. त्यापुढे एक आडवी रेघ म्हणजे एक आणा, दोन म्हणजे दोन. त्यामुळे ५ पुढे तीन उभ्या आणि एक आडवी म्हणजे पाच रुपये तेरा आणे. मात्र घाईत लिहिताना ती आडवी रेघ मागे सरकून उभ्या रेघांवरून गेली, की डोळ्याला वाटतं, पाऊण रुपया खोडला. मी ठरवलेली कसोटी अशी: खोडलेल्या रकमेच्या जवळ, वर, खाली किंवा पुढे, बदली रक्कम बहुतेक असतेच. ती नसेल आणि दिवसाची बेरीज आणा धरून जुळत असेल, तर ती रेघ आण्याची. ही चिन्हं युनिकोडमध्ये २००९ पासून आहेत, `U+A830` पासून पुढे; पण सगळ्या फाँटांत नाहीत आणि नसली की जागी रिकामी चौकट दिसते. तेव्हा चिन्ह आणि शेजारी आणे अंकांत, असं दोन्ही दिलं.

त्या वहीच्या अभ्यासकांना नक्कल टीईआय पद्धतीच्या खुणांत हवी होती. हस्तलिखितं संगणकावर उतरवण्यासाठी जगभर ही पद्धत वापरतात. तिच्यात खोडलेलं आणि त्याजागी आलेलं एका जोडीत बांधतात:

```
<subst><del rend="overwritten">२</del><add>३</add></subst>६५
```

माझ्या चौकटी कंसांत आणि यात तत्त्वाचा फरक काही नाही. आधीचं, नंतरचं आणि बदल कसा झाला, या तिन्ही गोष्टी शब्दांत आल्या पाहिजेत, दिसण्यावर सोडायच्या नाहीत. कोर्टाला मात्र मी असल्या खुणा देत नाही. तिथे वाचणाऱ्याला चटकन कळलं पाहिजे.

दस्तांच्या बाबतीत कायदा दुरुस्त्यांकडे किती बारकाईनं पाहतो, हे नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० मध्ये दिसतं. ओळींमध्ये घुसवलेला मजकूर, कोऱ्या जागा, खाडाखोड किंवा बदल यांवर दस्त करून देणाऱ्यांची सही वा आद्याक्षरी नसेल, तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. नोंदवलाच, तर त्या बदलांची नोंद रजिस्टरात करावी लागते. दुकानाच्या वहीला हा नियम लागत नाही. पण सवय म्हणून तो पाळणारे दुकानदार मी पाहिले आहेत आणि त्यांच्या वह्या उतरवायला निम्मा वेळ लागतो. १८ तारखेच्या त्या ७२० बद्दल कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता. सगळा गदारोळ ९ तारखेच्या गिरवलेल्या '३'वरच झाला.

तेव्हा वही ठेवणाऱ्या दुकानदार मंडळींना एवढीच विनंती: आकडा चुकला तर गिरवू नका, व्हाइटनर लावू नका. खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, नवा आकडा वर लिहा, समासात तारीख आणि आद्याक्षरी करा. तळाची बेरीज आधीच लिहिलेली असेल, तर तिच्यावरही अशीच रेघ मारून नवी लिहा. आणि नक्कल करायला द्याल तेव्हा झेरॉक्स नको, मूळ वही पाठवा, आणि तिच्याबरोबर रोजकीर्दही.